चकरीच्या गोळ्या आणि सुलाबाई कासारीण

कडेगावात एस.टी. स्टँडसमोर माझं औषधाचं दुकान आहे. ही हकिगत सुलाबाईची आहे, पण त्यात मी आहे, आणि मी आहे म्हणूनच ती सांगायला मला इतकी वर्षं लागली.

सुलाबाई कासारीण. नवरा लवकर गेला, तेव्हा मुलगा जोतीराम चार वर्षांचा. सासऱ्याचा बांगड्यांचा धंदा तिनं उचलला आणि पस्तीस वर्षं एकटीनं ओढला. काखेत बांगड्यांच्या माळांची झोळी, डोक्यावर पदर, पायात जाड चपला. सकाळच्या गाडीनं नेवरी, वांगी, तडसर, हिंगणगाव असं कुठंही उतरायची आणि संध्याकाळी परत. लग्नाचा चुडा असो, नागपंचमी असो, डोहाळजेवण असो, त्या भागातल्या बायकांना सुलाबाईच लागायची. कारण तिचा हात. बाईचा पंजा ती आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, अंगठा तळव्यात दुमडायची, बोटांची मुळं एकमेकांवर चढवायची आणि बोलत बोलत बांगडी वर सरकवायची. "कुठलं माहेर गं तुजं? व्हय? मग त्या गावात अमक्या तमक्याची लेक हाय न्हवं?" बाई उत्तर देण्यात गुंतायची आणि हात आपोआप सैल पडायचा. कष्टानं राठ झालेल्या हातातही ती मापाची बांगडी अशी चढवायची की बाईला कळायचंच नाही. माप ती विचारत नसे. नुसता हात बघून माळ काढायची.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ती दुकानात आली, ती काउंटरला धरून.

"मधु, बाबा, सकाळी कुशीवर वळले आन् छताचं वासं गरागरा फिरायला लागलं. उटून बसले तर भुई बी फिरती. वांती झाली."

मी तिला समोरच्या डॉक्टर निकमांकडं पाठवलं. निकम आमच्या गावातले जुने डॉक्टर, सकाळी आठपासून दवाखान्याबाहेर माणसं बसलेली असायची. त्यांनी ब्लडप्रेशर बघितलं, कान बघितले आणि चिठ्ठी दिली. सिनारिझिन, पंचवीसची गोळी, दिवसातून तीन वेळा, पंधरा दिवस. चकरीसाठी तेव्हा सगळे तीच लिहायचे. मी गोळ्यांची पाकिटं मोजून दिली आणि सांगितलं, "थोडी झोप येईल, सुलामावशी. गाडीत संभाळून."

पंधरा दिवसांनी ती हसत आली. चक्कर थांबली होती. मात्र हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं. "ह्याच दे अजून. बंद केल्यावर परत आली तर मी गाडीत कशी चढू?"

मी चिठ्ठी मागितली नाही. कोण मागत होतं तेव्हा? माणसं रिकामं पाकीट दाखवायची, आम्ही भरलेलं द्यायचो. डॉक्टरांची फी वाचायची, आमचं गिऱ्हाईक टिकायचं. त्या दिवशी मी दोन पाकिटं दिली. नंतर ती दर महिन्याला नेऊ लागली. पुढे पुढे तर ती दारात दिसली की मीच फडताळातून काढून ठेवायचो.

पहिल्या वर्षात एवढंच दिसलं की ती पेंगते. एकदा तडसरला उतरायचं सोडून झोपेत थेट विट्याला गेली. वाहकानं उठवलं तेव्हा झोळी मांडीवर तशीच होती. गावभर हसं झालं, तीही हसली. "म्हातारपन आलं गड्या," असं ती स्वतःच म्हणायची. अंगानं जरा भरली. शालन, तिची सून, मला म्हणाली, "आत्ती आता दुपारी जेवल्या की चारपर्यंत उटतच न्हाईत." मी म्हटलं, इतकी वर्षं उन्हातानात वणवण केली, आता विसावा घेतायत. हे मी म्हटलं होतं. मला अगदी स्वच्छ आठवतं.

दुसऱ्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर तिला परत थोडं फिरल्यासारखं झालं. ती म्हणाली, "एका टायमाला दोन घेतल्या तर चालतंय का?" मी दुकानात गर्दीत होतो. मागं न वळताच म्हटलं, "चालतंय, घ्या."

त्यानंतर तिच्यात जे बदल होत गेले ते मी रोज बघत होतो. दिवसागणिक नसे वाटत, पण आज मागं वळून बघितलं की सगळं ओळीनं दिसतं. ती हळू चालू लागली. पाऊल उचलून टाकण्याऐवजी घासत पुढं सरकवायची. चालताना हात हलेनासे झाले, अंगाला चिकटून राहायचे. बाकावर बसली की मांडीवरचे दोन्ही हात आपोआप थरथरायचे, बोटं अशी हलायची जशी काही मोजतायत. आवाज बारीक झाला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचा चेहरा गेला. चेहरा होता, पण त्यावर काही उमटत नव्हतं. तिच्याकडं बघून हसलं तर ती नुसती बघायची. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ यायची. ज्या बाईचा अर्धा धंदा बोलण्यावर चालायचा, ती गप्प झाली.

नेवरीच्या एका घरात डोहाळजेवण होतं. सातवा महिना लागलेली पोर, अठरा-एकोणीसची, पाटावर बसलेली. बायका भोवती. सुलाबाईनं तिचा पंजा हातात घेतला. पहिली बांगडी सरकली, दुसरी सरकली. तिसऱ्या बांगडीला सुलाबाईची बोटं कडक झाली, सोडायला हवं तिथं सुटली नाहीत आणि बांगडी बोटांच्या मुळांवर वाढली. काच हातात घुसली. रक्त बघून पोर ओरडली. सुलाबाईनं काढायला म्हणून हात घातला, तर हात थरथरत होते, त्यात आणखी एक वाढली. गर्भारशीच्या हातात, डोहाळजेवणाच्या दिवशी, हिरवी बांगडी वाढली. पोरीच्या सासूनं सुलाबाईला उठवलं, झोळी तिच्या हातात दिली आणि दारापर्यंत पोचवलं. कुणी वाईट बोललं नाही. पण त्या गावातनं तिला परत बोलावणं आलं नाही. अशा बातम्या पसरायला गाडी लागत नाही. महिन्या-दोन महिन्यांत वांगीचं बंद झालं, मग तडसरचं.

जोतीराम साखर कारखान्यात होता. त्यानं तिला परत निकमांकडं नेलं. निकमांनी तिला चार पावलं चालायला लावलं, हात पुढं करायला सांगितले आणि म्हणाले, "कंपवात आहे. वयोमानानं होतो." थरथर कमी करायची एक गोळी लिहिली. त्यांनी विचारलं, "आणखी काय चालू आहे?" जोतीराम म्हणाला, "काय न्हाई, चकरीची गोळी हाय, ती जुनीच हाय." निकम म्हणाले, "असू दे."

मी दोन्ही गोळ्या एकाच पिशवीत घालून दिल्या.

नव्या गोळीनं तिचं तोंड कोरडं पडायचं, डोळ्यांना अंधुक दिसायचं. आठ-दहा दिवसांनी तिला काहीबाही दिसायला लागलं. दारात नवरा उभा आहे म्हणायची. भर दुपारी शालनला म्हणायची, "त्येंना भाकरी वाढ की." नातीचं, जोतीरामच्या थोरल्या लेकीचं, त्याच महिन्यात लग्न होतं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकींना चुडा भरणाऱ्या बाईच्या घरात, तिच्याच नातीला चुडा भरायला विट्याहून दुसरी कासारीण आणली. सुलाबाई भिंतीला टेकून बसली होती. लग्नाला मी गेलो होतो. तिच्याजवळ जाऊन नमस्कार केला तर तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं माझ्या पाठीमागं कुणी उभं आहे.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर ती परसात पडली. पाय उचललाच गेला नाही, उंबऱ्याला अडकला. खुब्याचं हाड मोडलं.

जोतीराम पहाटे माझ्या दारात आला. "मधुअण्णा, सांगलीला न्यायची हाय. तुमाला विंग्रजी औषदं कळत्यात. तुमी चला."

जीपच्या मागच्या सीटवर तिला आडवं घातलं. शालन उशाशी, मी पायाशी. सांगलीपर्यंत ती कण्हलीसुद्धा नाही, फक्त हात तेवढे थरथरत होते. तिला एका मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. हाडाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं, पण आधी औषधाच्या डॉक्टरांनी तपासायला हवं म्हणाले. दुपारी एक तरुण डॉक्टरीण आली, श्रद्धा नावाची. तिनं सुलाबाईचं कोपर धरून हळू हळू वाकवलं, दातेरी चाकासारखं अडत अडत वाकत होतं. मग दुसरं कोपर. दोन्हीकडं सारखंच. तिनं विचारलं, "किती दिवसांत झालं हे?"

"वरीस-दीड वरीस," जोतीराम म्हणाला.

"एका हातापासून सुरुवात झाली का दोन्ही बरोबर?"

शालन म्हणाली, "दोनी बरूबरच, बाई."

"घरात जी जी औषधं घेतात ती सगळी दाखवा. रोजची, कधीमधी घेतात ती, सगळी."

शालननं पिशवी उलटी केली. पलंगावर पाकिटं पडली. डॉक्टरीणबाईंनी एक एक उचलून वाचलं. सिनारिझिनचं पाकीट हातात घेऊन त्या थांबल्या.

"ही किती दिवस चालू आहे?"

मीच म्हणालो, "अडीच वर्षं."

"अडीच वर्षं? रोज?"

"दिवसाला तीन. मधे काही महिने सहा."

"कुणी दिली?"

जोतीराम माझ्याकडं बघत होता. "मी दुकानदार आहे," मी म्हणालो. "पहिली चिठ्ठी पंधरा दिवसांची होती. पुढं मी देत राहिलो."

त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पलंगाच्या कडेला उभ्या राहून त्यांनी शांतपणे सांगितलं, मला आणि जोतीरामला, दोघांना कळेल असं. ही गोळी चकरीला थोडे दिवस द्यायची असते. झोप आणते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मेंदूत हालचाल सुरळीत ठेवणारं जे रसायन असतं, त्याचं काम ही गोळी अडवते. तरुण माणसाला काही दिवसांत सहसा कळतही नाही. म्हाताऱ्या माणसात, महिनोन्‌महिने घेतली तर, हुबेहूब कंपवातासारखं होतं. अंग ताठतं, हात कापतात, चेहरा गोठतो, मन खचतं, तोल जातो. आणि मग त्या कापण्यावर म्हणून जी दुसरी गोळी दिली, तिनं म्हातारीचं डोकं भरकटलं.

"कुशीवर वळताना चक्कर यायची म्हणता ना?" त्यांनी शालनला विचारलं. "ती बऱ्याचदा कानाच्या आतल्या बारीक खड्यांची असते. डोकं एका ठरावीक तऱ्हेनं वळवून ती घालवता येते. गोळीशिवाय."

"म्हंजी ह्या गोळ्या नसत्या तर चाललं असतं?" जोतीरामनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पाकीट पलंगावर ठेवलं. "पहिले काही दिवस ठीक होतं," त्या म्हणाल्या. "आज बंद करूया. थरथरीची गोळी एकदम न थांबवता कमी करत नेऊ. सुधारणा होईल, पण महिने लागतील. कुणाकुणात थोडं राहून जातं. आणि खुबा मोडलाय तो वेगळा."

बाहेर व्हरांड्यात जोतीराम बराच वेळ खांबाला टेकून उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो. तो म्हणाला, "तुमी जावा आता. गाडी मिळंल."

मी एकटाच एस.टी.नं परत आलो.

ऑपरेशन झालं. पंधरवड्यानं तिला घरी आणलं. नवऱ्याचं दिसणं आधी थांबलं, शालननं कुणाकडं तरी तसं सांगितल्याचं कळलं. फेब्रुवारीत हात कापायचे थोडे कमी झाले. उन्हाळ्यात ती बोलायला लागली. जून महिन्यात मी हिय्या करून तिच्याकडं गेलो. जोतीराम पाळीवर गेला होता. ती सोप्यात वॉकर पुढ्यात ठेवून बसली होती. चेहरा परत आला होता. तो पूर्वीचा नव्हता, एक बाजू जरा जड वाटत होती, पण माणसाचा होता. हात मांडीवर शांत होते, फक्त उजव्या अंगठ्याला बारीक कंप.

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पंधरा दिवसांची चिठ्ठी, रिकामी पाकिटं, गर्दीत मागं न वळता दिलेलं उत्तर.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं हाय. जोत्यानं सांगितलं." थोड्या वेळानं म्हणाली, "माज्या नातीचं लगीन झालं म्हंत्यात. मला कायसुदिक आठवत न्हाई. फोटू दावला. त्यात मी बसलेली हाय."

तिनं वॉकर जवळ ओढला.

"निकम डाक्टरला सांगितलंस का?"

"न्हाई."

"मग माज्याकडं कशाला आलास? मला सांगून आता काय उपेग? आदी तिकडं जा." तिचा आवाज चढला. कितीतरी दिवसांनी मी तिचा आवाज चढलेला ऐकला. "आनि माज्यासारकी आनि कोन कोन पाकीट घिऊन तुज्या दारात येत्यात, त्येंच्याकडं जा. ऊट."

मी उठलो. सरळ निकमांकडं गेलो. पेशंट संपेपर्यंत थांबलो आणि सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. निकमांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आधी म्हणाले, "मी तर पंधराच दिवस लिहिली होती." मग चष्मा परत डोळ्यांवर चढवला. शेवटी म्हणाले, "ती परत आली तेव्हा मला दिसायला हवं होतं. मी 'असू दे' म्हणालो." त्यांनी कागद पुढं ओढला. "कोण कोण घेतंय, सांगा."

मला आठवतील ती नावं मी सांगितली. बहुतेक साठीच्या पुढची. आम्ही एकेकाला बोलावलं, काहींच्या घरी गेलो. कुणी लगेच ऐकलं, कुणी माझ्यावर संतापलं. एका मास्तरांनी तर सुनावलं, "इतकी वर्षं दिली तेव्हा औषध होतं आणि आता विष झालं?"

यादीत कोंडीबाचं नाव होतं. धनगर म्हातारा, डोंगराकडच्या वस्तीवर राहायचा, दोन महिन्यांतून एकदा बाजाराला आला की पाच पाकिटं एकदम न्यायचा. बरेच दिवस तो दिसला नव्हता. मी सायकल घेऊन वस्तीवर गेलो. दारात त्याची बायको धोंडुबाई लोकर पिंजत बसली होती.

"कोंडीबा कुठायत?"

"आवं, त्येंला जाऊन तीन आटवडं झालं," ती म्हणाली. "वरीसभर अंग लाकडावानी झालं हुतं. मेंढरामागं जायाचं सोडलं, बोलायचं सोडलं. शेवटाला घास गिळंना. ठसका लागला आन् छातीत भरलं." तिनं लोकर बाजूला सारली. "डाक्टर म्हनाला कंपवात. म्हातारपनाला काय औषद?"

आत खुंटीला त्याची पिशवी टांगलेली होती. तिनं ती माझ्या पुढ्यात आणून ठेवली. "ह्यात तुमच्या गोळ्या ऱ्हायल्यात. परत घ्येता का?"

त्यात दोन न फोडलेली पाकिटं होती. कोंडीबा गोळीनं गेला असं छातीठोकपणे मी आजही म्हणू शकत नाही. गोळीचा विचार करून त्याला कुणी तपासलंच नव्हतं. पण ती पाकिटं मी खिशात घातली आणि धोंडुबाईला काहीही न सांगता सायकल हातात धरून डोंगर उतरलो. सुलाबाईसमोर जे बोलू शकलो, ते तिच्यासमोर माझ्या तोंडून निघालं नाही. परत कधीच गेलो नाही.

सुलाबाई त्यानंतर तीन वर्षं जगली. चक्कर अधूनमधून यायची. ती म्हणे पलंगाची कड धरून मिनिटभर डोळे मिटून थांबायची आणि ती आपोआप जायची. हात जवळजवळ पूर्ववत झाले. शालनच्या हातात ती एकही बांगडी न वाढवता भरायची, असं ऐकलं. पण पाय आखूड झाला होता, वॉकरशिवाय उंबरा ओलांडता येत नव्हता. बाहेरगावची बोलावणी आली नाहीत. गावातल्या बायकाही चुडा भरायचा म्हटला की विट्याच्या कासारणीला निरोप धाडायच्या. गोळीमुळं झालं होतं हे शालन ज्याला त्याला सांगायची, पण नेवरीच्या त्या पोरीचं बाळ पुढं आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं आणि लोकांना ते तेवढंच आठवत होतं.

नव्याण्णवच्या थंडीत ती गेली. तिच्या तिरडीमागं मी चाललो, बऱ्याच अंतरावरून. जोतीराम माझ्याशी बोलला नाही. तो अजूनही डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा विट्याहून आणतो.